थर्मिस्टर, एलएम३९३ आणि टकटकणारा रिले: हिस्टेरेसिसचे रेझिस्टर कसे काढायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी पट्ट्यात पहाटेचा पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. त्यासाठी बागायतदाराला वेळेवर उठवणारा गारठ्याचा अलार्म बनवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळीकडे एकच सर्किट धरलं आहे. बागेत १० किलोओहमचा थर्मिस्टर, तिथून घरापर्यंत ६० मीटर केबल, घरी ५ व्होल्टवर चालणारा एलएम३९३ कम्पॅरेटर आणि १२ व्होल्टचा रिले. पुढे किलोओहमला नुसतं ‘के’ म्हटलं आहे, दुकानात म्हणतात तसं.

पारा ४ अंशांवर आला की रिले एकदाच लागायला हवा. तो कडकड का वाजत राहतो?

कारण तापमान फार हळू उतरतं आणि गोंगाट फार जलद असतो. पहाटे पारा तासाला साधारण एक अंश उतरतोय असं धरा. या सर्किटमध्ये एक अंश म्हणजे सुमारे ६४ मिलिव्होल्ट, म्हणजे सिग्नल मिनिटाला जेमतेम १ मिलिव्होल्ट सरकतो. केबलवर ५० हर्ट्झची २० मिलिव्होल्टची लहर बसलेली असेल, तर सिग्नलला थ्रेशोल्ड, म्हणजे आउटपुट पालटण्याची रेषा, पूर्ण ओलांडायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत लहरीचं प्रत्येक आवर्तन थ्रेशोल्डच्या एकदा वर आणि एकदा खाली जातं. कम्पॅरेटर प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी आउटपुट पालटतो आणि रिले बिचारा त्याच्यामागे धावतो.

रिले खराब आहे म्हणून बदलणारे बरेच असतात. नवा रिलेही तसाच वाजतो, कारण दोष त्याच्यात नसतोच.

हिस्टेरेसिसने नेमकं काय होतं?

एका थ्रेशोल्डच्या जागी दोन येतात. सिग्नल वरचा थ्रेशोल्ड ओलांडतो त्या क्षणी आउटपुट पालटतं, आणि तेच आउटपुट एका रेझिस्टरमधून थ्रेशोल्डला खाली ओढतं. मघाशी जेमतेम ओलांडलेली रेषा आता बरीच खाली गेलेली असते, त्यामुळे लहर थोडी खाली-वर झाली तरी ती परत गाठली जात नाही. पाऊल टाकलं की मागचं दार आपोआप लागावं, तसं. आउटपुटकडून प्लस पायाकडे येणारा तो रेझिस्टर म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅक. खालच्या सूत्रांत त्याला R3 म्हटलं आहे.

तोच रेझिस्टर चुकून मायनस पायाला लागला की फीडबॅक निगेटिव्ह होतो. मग आउटपुट ० किंवा ५ व्होल्ट न दाखवता मीटरवर मध्येच कुठेतरी रेंगाळतं, आणि स्कोप लावला तर वेगाने थरथरताना दिसतं. असं दिसलं तर आधी पाय २ आणि ३ ची अदलाबदल झाली नाही ना, ते बघा.

अलार्म कुठे लागावा आणि कुठे थांबावा?

या उदाहरणात ४ अंशांना लागावा आणि ६ अंशांना थांबावा असं ठरवलं आहे. ४ ला लागला तर उठून शेकोट्या पेटवायला आणि पाणी सोडायला वेळ मिळतो. दोन अंशांची खिडकी ठेवण्याचं कारण वारा आहे. पहाटे वाऱ्याची झुळूक आली की सेन्सरपाशी तापमान अर्धा-एक अंश वर-खाली होतं, आणि तेवढ्यावरून सायरन बंद-चालू होऊ नये. खिडकी पाच अंशांची केली तर मात्र ऊन चढेपर्यंत सायरन बोंबलत राहतो, आणि दोन दिवसांत कोणीतरी त्याची वायर उपटून ठेवतं.

थर्मिस्टरचे अंश व्होल्टमध्ये कसे बदलायचे?

थर्मिस्टर २५ अंशांना १० के आणि बीटा ३९५० असलेला धरला आहे. गणिताने त्याचा रोध ४ अंशांना २७.३ के आणि ६ अंशांना २४.६ के येतो. ५ व्होल्टपासून २७ के चा एक टक्केवाला रेझिस्टर, त्याच्या खाली थर्मिस्टर आणि थर्मिस्टरचं दुसरं टोक ग्राउंडला, अशी जोडणी करा. मधल्या बिंदूवर गारठा वाढेल तसा व्होल्टेज वाढतो.

```
R(T) = 10000 * exp(3950 * (1/T - 1/298.15))    T केल्विनमध्ये

4 °C :  V = 5 * 27.29 / (27 + 27.29) = 2.513 V
6 °C :  V = 5 * 24.64 / (27 + 24.64) = 2.386 V
फरक  :  0.128 V
```

२७ के मुद्दाम निवडला आहे. ज्या तापमानाजवळ अचूकता हवी, तिथल्या थर्मिस्टरच्या रोधाइतकाच वरचा रेझिस्टर ठेवला की अंशामागे सर्वांत जास्त मिलिव्होल्ट मिळतात. पुष्कळ तयार आकृत्यांमध्ये तिथे १० के असतो. तो खोलीच्या तापमानासाठी ठीक आहे, बागेतल्या पहाटेसाठी नाही.

एक सावधगिरी. बीटा ३९५० हा आकडा बहुतेक थर्मिस्टरना २५ ते ५० अंशांच्या टप्प्यासाठी दिलेला असतो. शून्याजवळ खरा रोध सूत्रापेक्षा दोन-तीन टक्के कमी निघू शकतो, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक. कंपनीचा तक्ता मिळाला तर तोच वापरा. नसेल तर बर्फाच्या पाण्यात मोजा, त्याची रीत पुढे आली आहे.

सेन्सर प्लसला जोडायचा की मायनसला?

मायनसला. मग R3 चा प्रवाह संदर्भाच्या रेझिस्टरमधून जातो आणि सेन्सरला त्याचा स्पर्शही होत नाही. सेन्सर प्लसला लावूनही हिस्टेरेसिस मिळतं, पण तेव्हा थर्मिस्टरचा स्वतःचा रोध गणितात शिरतो, आणि तो तर तापमानासोबत बदलत असतो. शिवाय सेन्सरवरचा कपॅसिटर फीडबॅकच्या वाटेत येतो. मायनसला लावल्याने आउटपुट उलटं मिळतं, म्हणजे गारठ्यात खाली जातं. त्याची सोय पुढे केली आहे.

R1, R2, R3 काढायची सोपी रीत कोणती?

आधी कोण कुठे आहे ते पक्कं करा. R1 हा ५ व्होल्टपासून प्लस पायाला, R2 प्लस पायापासून ग्राउंडला आणि R3 आउटपुटपासून प्लस पायाला.

पुस्तकांत बहुधा समांतर रेझिस्टरांची लांबलचक सूत्रं असतात. त्याऐवजी रोधाचा व्यस्त, म्हणजे वाहकता, घेतली तर हिशेब तीन ओळींत संपतो. प्लस पायाला तीन रेझिस्टर भेटतात. ५ व्होल्टकडे ओढणाऱ्यांचा एकूणातला वाटा किती, तेवढा तिथला व्होल्टेज. आउटपुट वर असताना R1 आणि R3 दोघंही वर ओढतात. आउटपुट खाली गेलं की एकटा R1 वर ओढतो आणि R3 पक्ष बदलून R2 ला जाऊन मिळतो. म्हणून दोन थ्रेशोल्डमधला फरक हा नुसता R3 चा वाटा असतो. खाली VH म्हणजे वरचा थ्रेशोल्ड, VL खालचा, Vcc म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा, आणि g1, g2, g3 हे तिघांचे वाटे.

```
g1 = VL / Vcc          = 2.386 / 5 = 0.4771
g3 = (VH - VL) / Vcc   = 0.128 / 5 = 0.0255
g2 = 1 - g1 - g3       = 0.4973

R2 = R1 * g1 / g2      R3 = R1 * g1 / g3
```

R1 दहा के घेतला की R2 येतो ९.५९ के आणि R3 येतो १८७ के. गणित एवढंच आहे.

९.५९ के आणि १८७ के नेहमीच्या दुकानात मिळत नाहीत. मग?

R3 ला १८० के लावा. आउटपुट वर असताना त्याच्यासोबत, आउटपुटला ५ व्होल्टकडे ओढणारा पुल-अप रेझिस्टरही मालिकेत येतो. पुल-अप ४.७ के चा असला की ती बाजू १८४.७ के होते, म्हणजे हव्या त्या आकड्याच्या जवळच.

R2 साठी ९.१ के आणि ४७० ओहम एकापुढे एक जोडले की ९.५७ के होतात. पण ४७० च्या जागी १ के चा मल्टिटर्न ट्रिमपॉट घेतलेला बरा, कारण सहनशीलतेचा हिशेब वेगळाच सांगतो. थर्मिस्टर, २७ के, R1 आणि R2 हे चारही एक टक्क्याचे असले आणि चौघांची चूक एकाच दिशेने गेली, तर चार टक्के होतात. थर्मिस्टर अंशाला सुमारे पाच टक्के बदलतो, म्हणजे अलार्म पाऊण-एक अंश चुकू शकतो. कम्पॅरेटरचा ५ मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट त्यात अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी भर घालतो, त्याची चिंता नको. ट्रिमपॉटचे शंभर ओहम साधारण अंशाचा पाचवा भाग सरकवतात, त्यामुळे मध्यापासून दोन्हीकडे एकेक अंश जागा मिळते.

ट्रिमपॉटचा मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडून टाका. मधला संपर्क कधी सुटलाच, तर वाट तुटत नाही, फक्त पूर्ण १ के लागतो.

निवडलेली मूल्यं घालून पुन्हा तपासलं की हे मिळतं:

```
R1 = 10k   R2 = 9.1k + 470   R3 = 180k   Rp = 4.7k

VH = 2.511 V  ->  4.0 °C   अलार्म चालू
VL = 2.383 V  ->  6.0 °C   अलार्म बंद
```

यात आउटपुट खाली असताना ०.१ व्होल्ट उरतो असं धरलं आहे. इतक्या कमी प्रवाहाला ते ठीक आहे.

R1 दहा के च का? १ मेगा घेतला तर वीज वाचेल ना?

वाचेल, पण अलार्म भलत्याच तापमानाला वाजेल. एलएम३९३ च्या पायातून थोडा बायस प्रवाह वाहतो, जास्तीत जास्त २५० नॅनोअँपिअर. दहा के च्या जोडीतून तो गेला की मिलिव्होल्टभराचा फरक पडतो. १ मेगाच्या जोडीत तोच प्रवाह शंभरावर मिलिव्होल्ट सरकवू शकतो, म्हणजे जवळपास आपली अख्खी खिडकी. आणि R3 तेव्हा १८ मेगाच्या पुढे जातो. पहाटेच्या दवाने ओलसर झालेल्या, फ्लक्स न पुसलेल्या बोर्डावर दोन ट्रॅकमधली गळतीच त्याच्याशी स्पर्धा करू लागते. अगदी खालीही जाऊ नका. R1 शंभर ओहमचा केला तर R3 १.९ के चा होतो आणि ४.७ के चा पुल-अप त्याच्यापुढे टिकत नाही. पुल-अप R3 च्या तीसेक पटींनी लहान असावा, हा अंदाज पुरतो.

पुल-अप लावायलाच हवा का? आउटपुटला थेट रिले लावला तर?

एलएम३९३ चं आउटपुट फक्त खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. पुल-अप नसला तर R3 चं दुसरं टोक हवेत लटकतं. तेव्हा वरचा थ्रेशोल्ड R1-R2 चाच, म्हणजे २.४४५ व्होल्ट होतो. आउटपुट ४ ऐवजी ५ अंशांना खाली जातं आणि ६ ला सुटतं. खिडकी बरोब्बर अर्धी भरली तर पुल-अप विसरला आहे किंवा त्याचं सोल्डर सुटलं आहे, हे ओळखायला ही चांगली खूण आहे.

थेट रिले लावू नका. आउटपुटला ६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढण्याची हमी नाही आणि १२ व्होल्टच्या साध्या रिलेला ३० लागतात. चिपमध्ये दुसरा कम्पॅरेटर फुकट पडलेला असतो, त्याच्याकडून उलटवून घ्या. जोडणी अशी:

पाय ८ ला ५ व्होल्ट आणि पाय ४ ला ग्राउंड, दोघांमध्ये अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. पाय २ ला सेन्सरचा बिंदू, पाय ३ ला R1-R2-R3 ची गाठ, पाय १ हे आउटपुट. पाय १ वरून पाय ६ ला सरळ वायर. पाय ५ ला दहा-दहा के च्या जोडीने २.५ व्होल्ट. पाय ७ ला १.५ के चा पुल-अप ५ व्होल्टला, आणि तिथूनच बीसी५४७ च्या बेसला. ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टरमध्ये रिलेची कॉइल १२ व्होल्टला, कॉइलवर उलटा १एन४००७. गारठ्यात पाय १ खाली जातो, पाय ७ सुटतो, बेसला जवळपास ३ मिलिअँपिअर मिळतात आणि रिले ओढला जातो.

पाय १ वर दुसरं काहीही लावू नका, अगदी दिवासुद्धा. तिथे लोड आला की ‘वर’ म्हणजे ५ व्होल्ट राहत नाहीत, आणि वरचा थ्रेशोल्ड त्याच्याच जिवावर उभा आहे.

रिले १२ व्होल्टचा आहे, म्हणून पाय १ चा पुल-अपही १२ व्होल्टला दिला. चालेल ना?

चिप जळणार नाही, पण बाग जाईल. R3 आता ५ च्या जागी १२ व्होल्टकडे ओढतो आणि वरचा थ्रेशोल्ड २.५१ वरून २.६९ व्होल्टवर चढतो. तेवढा व्होल्टेज यायला पारा सव्वा अंशापर्यंत उतरावा लागतो. खालचा थ्रेशोल्ड जागेवरच राहत असल्याने अलार्म ६ अंशांना व्यवस्थित थांबतो, आणि त्यामुळेच ही चूक पटकन ध्यानात येत नाही. टेबलावर गरम बोट लावून ‘बंद होतोय’ हे बघितलं की माणूस निश्चिंत होतो.

दोन्ही बाजू एकाच ५ व्होल्टवर असण्याचा आणखी एक फायदा आहे. ७८०५ ने ५ च्या जागी ४.९ दिले तरी सिग्नल आणि थ्रेशोल्ड एकाच प्रमाणात खाली येतात, आणि तापमान जिथल्या तिथे राहतं.

केबलवर ३०० मिलिव्होल्टचा गोंगाट दिसतो. खिडकी वाढवावी का?

नाही. ३०० मिलिव्होल्ट गिळायला खिडकी पाच-सहा अंशांच्या पुढे न्यावी लागेल. आधी गोंगाट गाळा, उरलेल्यासाठी हिस्टेरेसिस ठेवा. उरलेला गोंगाट शिखर ते शिखर मोजून खिडकी त्याच्या किमान दुप्पट असली की पुरे.

इथे गाळणं स्वस्त आहे. २७ के आणि थर्मिस्टर मिळून सेन्सरच्या बिंदूचा रोध सुमारे १३.५ के होतो. पाय २ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावला की सव्वा हर्ट्झच्या वरचं सगळं दबतं. ५० हर्ट्झची लहर चाळीसेक पटींनी कमी होऊन ३०० चे ७ मिलिव्होल्ट उरतात. १२८ मिलिव्होल्टच्या खिडकीत ते कुठल्या कुठे हरवतात. तापमानाला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याचा उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

कपॅसिटर सिरॅमिक, एक्स७आर, २५ व्होल्टचा घ्या. इलेक्ट्रोलिटिक टाळा. त्यातून दोन-तीन मायक्रोअँपिअर जरी गळले, तरी १३.५ के मध्ये ३०-४० मिलिव्होल्ट जातात, म्हणजे अर्धा अंश, आणि ही गळती उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखी राहत नाही.

बागेतला खरा त्रास मोटरच्या स्टार्टरचा. शेतीची थ्री-फेज वीज रात्री आली की आजूबाजूचे स्टार्टर धडाधड लागतात आणि प्रत्येक कॉन्टॅक्टर केबलमध्ये एक टोकदार ठोका सोडतो. त्यासाठी १० मायक्रोफॅरडच्या शेजारी, पायाला चिकटून १०० नॅनोफॅरड लावा. केबल पिळलेल्या जोडीची, जाळी असलेली घ्या आणि जाळी फक्त घरच्या टोकाला ग्राउंड करा. मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून ती नेऊ नका. केबलच्या स्वतःच्या रोधाची काळजी नको. जाऊन-येऊन चारेक ओहम २७ के पुढे काहीच नाहीत.

गोंगाट कमी व्हावा म्हणून पाय ३ लाही कपॅसिटर लावला, तर रिले पुन्हा टकटकू लागला. असं का?

कारण हिस्टेरेसिसचं सगळं बळ वेगात आहे. आउटपुट पालटल्याबरोबर थ्रेशोल्डने उडी मारायला हवी. पाय ३ वर १० मायक्रोफॅरड लावला की त्या उडीला ५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात ५० हर्ट्झची अडीच आवर्तनं होऊन जातात. दार लागतंय तोवर लहर आत-बाहेर करून घेते. कपॅसिटर पाय २ ला, पाय ३ मोकळा.

सायरन एकदा वाजला की ऊन चढलं तरी थांबत नाही.

सायरन बागेच्या टोकाला बसवून त्याची परतीची वायर थर्मिस्टरच्या ग्राउंडलाच जोडली आहे का, ते बघा. ६० मीटर, अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या एका तारेचा रोध सुमारे २ ओहम. सायरनने ०.३ अँपिअर घेतला की थर्मिस्टरचं ग्राउंड ०.६ व्होल्टने वर उचललं जातं, आणि सेन्सरच्या बिंदूवर त्यातला निम्मा भाग, ०.३ व्होल्ट, दिसतो. आपली खिडकी ०.१२८ व्होल्टची. सायरन स्वतःलाच गारठा पडल्याचं सांगत राहतो.

खात्री करायला सायरन वाजत असताना पाय २ चा व्होल्टेज बघा आणि सायरनची वायर काढा. मीटर एकदम खाली पडला तर दोष ग्राउंडचाच. सायरनला स्वतंत्र दोन वायर द्या, आणि दोन्ही ग्राउंड फक्त पॉवर सप्लायच्या टोकाशी भेटू द्या.

थंडी पडायची वाट न बघता तपासणी कशी करायची?

थर्मिस्टर काढून त्याच्या जागी २२ के चा रेझिस्टर आणि त्याच्याशी मालिकेत १० के चा पॉट लावा. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल पाय ३ ला. पॉट सावकाश वाढवत न्या. रिले लागतो त्याच क्षणी मीटर २.५१ वरून २.३८ व्होल्टवर उडी मारताना दिसला पाहिजे. ही उडी म्हणजेच तुमचं हिस्टेरेसिस. आता वीज बंद करून, जोडी सर्किटमधून सोडवून तिचा रोध मोजा. २७.३ के च्या आसपास यायला हवा. परत जोडून पॉट कमी करत न्या. रिले सुटल्यावर पुन्हा मोजा, २४.६ के च्या आसपास.

मग खऱ्या थर्मिस्टरची पाळी. थर्मासमध्ये चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, थर्मिस्टर पाणी शिरणार नाही असा बंद करून त्यात बुडवा आणि पाच मिनिटं ढवळत राहा. पाण्यात बर्फ शिल्लक असेपर्यंत तापमान शून्य असतं. सूत्राने ३३.६ के यायला हवेत. समजा ३२.८ आले, म्हणजे अडीच टक्के कमी. तर ४ अंशांचा आकडाही जवळपास तेवढ्याच प्रमाणात, २६.७ के च्या आसपास धरा, चाचणीची जोडी तेवढ्यावर ठेवा आणि रिले नेमका तिथे लागेल असा ट्रिमपॉट फिरवा. उकळत्या पाण्याने दुसरं टोक तपासायचा मोह होतो, पण नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. तशीही या कामाला त्या टोकाची गरज नाही.

केबल तुटली किंवा उंदराने कुरतडली तर?

तुटली तर सेन्सरचा बिंदू थेट ५ व्होल्टवर जातो, सर्किटला तो कडाक्याचा गारठा वाटतो आणि सायरन वाजतो. हे हवंच आहे. एलएम३९३ चं इनपुट ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर जेमतेम ३-३.५ व्होल्टपर्यंतच चालतं, पण दोनपैकी एक पाय त्या मर्यादेत असला तर आउटपुट बरोबर राहतं, आणि पाय ३ तर अडीच व्होल्टवरच असतो.

दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर मात्र उलटं. सर्किटला कायमचा उन्हाळा दिसतो आणि सायरन गप्प बसतो. म्हणून रोज संध्याकाळी दाबायला एक बटण ठेवा, जे थर्मिस्टरची घराकडची वायर क्षणभर तोडेल. पण नुसता सायरन वाजला म्हणजे केबल ठीक, असं नाही. शॉर्ट ओळखायला पाय २ वर मीटर लावा. संध्याकाळच्या २० अंशांना तिथे दीड व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. शून्य दिसले तर केबल शॉर्ट.

अलार्म ३ अंशांवर न्यायचा असेल तर सगळं पुन्हा काढायचं का?

नाही. ट्रिमपॉट वाढवला की दोन्ही थ्रेशोल्ड जोडीने वर जातात आणि तापमानं जोडीने खाली येतात, खिडकी दोन अंशांचीच राहते. ३ अंशांना ट्रिमपॉट जवळजवळ शेवटाला पोचतो. २ अंश हवे असतील तर ९.१ के च्या जागी १० के लावा. फक्त खिडकी बदलायची असेल तर R3 बदला. तो निम्मा केला की खिडकी जवळपास दुप्पट होते, पण वरचा थ्रेशोल्डही सरकतो, म्हणून तेव्हा वरच्या तीन ओळी नव्याने मांडाव्या लागतात.

एलएम३९३ नाही मिळाला. एलएम३५८ चालेल का?

वेगाच्या दृष्टीने चालेल, तापमानाला घाई नाही. पण एलएम३५८ चं आउटपुट ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर साडेतीन व्होल्टच्या आसपासच वर जातं. हेच रेझिस्टर ठेवले तर अलार्म साडेचार अंशांच्या पुढे लागतो आणि खिडकी दीड अंशाहून लहान होते. वापरायचाच असेल तर पाय १ वर प्रत्यक्ष किती व्होल्ट येतात ते मोजा आणि R3 त्या आकड्यावरून काढा. पायांची मांडणी तीच आहे, पण आउटपुट स्वतः वर ढकलत असल्याने पाय १ चा ४.७ के चा पुल-अप काढून टाका. पाय ७ ला १.५ के पुल-अपऐवजी मालिकेत लावून बेसला द्या.